हॉलचं बजेट, घरचं बजेट

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अमरावतीला, माझ्या घरी झालं. खरं तर ते अकोल्याला व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण त्याचं बजेट मी केलं होतं.

आमच्या घरात हिशोबाचं काम माझ्याकडेच येतं. मी नोकरी केली ती लेखा शाखेत, त्यामुळे कोणाचं बारसं असो की वास्तू, फोन मलाच. यात मिरवण्यासारखं काही नाही, पण मी मिरवत आले. आम्हा नवराबायकोला मूल नाही. बहिणीची मुलगी बारावीनंतर क्लाससाठी अमरावतीला आली आणि पदवी होईपर्यंत आमच्याकडेच राहिली. तिचा डबा मी भरला, तापात तिच्या कपाळावर पट्ट्या मी ठेवल्या, तिला स्कूटी शिकवताना माझ्या नवऱ्याचं कोपर फुटलं. ती मला मावशी म्हणायची. फोन आला की पलीकडच्या खोलीत जाऊन "आई" म्हणायची. तो शब्द मला भिंतीतून ऐकू यायचा. मी कधी काही बोलले नाही. बोलणाऱ्यातली मी नाहीच.

मुलगा वरूडचा निघाला. घरची संत्र्याची बाग, पॅकिंगची शेड, माणसं साधी. त्यांनीच म्हटलं, "साठ माणसांत करू, उगाच मोठं नको." बहिणीच्या मनात अकोल्याचा एक हॉल होता, तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तिच्या सासूबाईंचे गुडघे गेलेले. हॉल तळमजल्यावर आहे, आजी वॉकर धरून हळूहळू चालत येतील, म्हणून तोच. बहिणीने मला हॉलच्या मॅनेजरचा नंबर पाठवला.

"ताई, तूच बोल त्याच्याशी. मले भाव करता येत नाही. तो जे म्हणते त्याले मी हो म्हणतो."

मी फोन केला. मॅनेजरने आधी पूर्ण दिवसाचं भाडं सांगितलं, अठरा हजार; सजावटीचे सहा आणि लाइट-सफाईचे अडीच वेगळे. जेवण हॉलच्याच केटररकडून, दोनशे वीस रुपये ताट, पंचाहत्तर ताटांची गॅरंटी. म्हणजे माणसं कमी आली तरी पंचाहत्तर ताटांचे पैसे द्यायचे. मग तो स्वतःहूनच म्हणाला, "मॅडम, साक्षगंधच आहे ना? सकाळी नऊ ते तीन घ्या. अर्ध्या दिवसाचे नऊ हजार. स्टेजची सजावट, खुर्च्या, लाइट, जनरेटर त्यातच. साठच माणसं असतील तर साठच ताटं धरू."

"विचारून सांगते," म्हणून मी फोन ठेवला. त्या वेळी माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. चहा केला, तो घेऊन बसले आणि डोळ्यांसमोर चित्र आलं. अकोल्याचा हॉल, दारात बहीण, स्टेजवर बहीण, सगळे तिला विचारत आहेत, "मुलीची आई तुम्ही का?" आणि मी भिंतीजवळच्या खुर्चीवर, हातात सरबताचा ग्लास. अमरावतीची मावशी.

संध्याकाळी मी दोन बजेटं लिहिली. हॉलच्या बजेटात पूर्ण दिवसाचे अठरा हजार, पंचाहत्तर ताटांचे साडेसोळा हजार, सजावटीचे वेगळे सहा हजार, लाइट-सफाईचे अडीच. एकूण त्रेचाळीस. घरच्या बजेटात किराणा, भाजी आणि आचारी मिळून चौदा, खुर्च्या-सतरंज्या अडीच, फुलं दीड. एकूण अठरा. दोन्हीकडे सारखा असलेला खर्च खाली वेगळा लिहिला. मुलाची अंगठी आणि कपडे, पेढे, फळांच्या टोपल्या आपल्याकडून. मुलीची साडी, अंगठी आणि साखर त्यांच्याकडून. खोटा आकडा एकही नव्हता. अर्ध्या दिवसाचा भाव लिहिला नाही. आणि घरच्या बजेटात गच्चीवरचा मांडव नाही, अकोल्याहून पाहुणे आणायची गाडीही नाही. ही दोन कलमं विसरणारी बाई मी नाही, हे ऑफिसात कोणीही सांगेल.

जावयांनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, कागद पाहून लगेच फोन केला. "ताई, पंचवीस हजार वाचून राहिले नं! मंग घरीच करू. अन् वरूडवाल्यांलेही अमरावती मधातच पडते."

"मीही तेच म्हणत होते," मी म्हटलं.

मागून बहिणीचा आवाज आला, ती सासूबाईंना आईच म्हणते, "पण आईले दोन माळे चढवतील काय?"

माझं घर दुसऱ्या माळ्यावर. लिफ्ट नाही. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मी म्हटलं, "खुर्चीवर बसवून दोन पोरं अलगद आणतील. लग्नात नाही का आणत लोक?"

ते आजींच्या कानावर गेलं. त्यांनी उत्तर पाठवलं, "खुर्चीवर बसवून मले उचलून नेता? एवढी घाई काहून आहे? मेल्यावर नेसान नं खांद्यावर." सगळे हसले. मीही हसले. आजी येणार नाहीत हे मात्र तेव्हाच ठरलं.

पुढची तयारी मी अशी केली की कोणाला नाव ठेवायला जागा नव्हती. बुद्धवंदनेसाठी पांढरं कापड, मांडायच्या दोन्ही प्रतिमांना हार, मेणबत्त्या आणि त्या वाऱ्याने विझू नयेत म्हणून काचा, अगरबत्ती, अंगठ्यांसाठी तबक, पाण्याचे कॅन, हात पुसायचे रुमाल, आचाऱ्यासाठी गॅसची दोन सिलेंडरं. प्रत्येक गोष्टीपुढे कोण आणणार त्याचं नाव. बहुतेक ठिकाणी माझंच. शेवटी गच्चीवर ऊन लागेल म्हणून मांडव घालावा लागला, पाच हजारांचा. ते मी दिले आणि "राहू द्या हो, माझीच पोरगी आहे," असं म्हणायचा आनंदही घेतला. गाडीचे सात हजार जावयांनी भरले. कोणी बेरीज करून पाहिली असती, तर घरचं साक्षगंध तीस हजारांना पडलं आणि हॉल बावीस हजार दोनशेला मिळत होता, हे त्याच दिवशी कळलं असतं. पण बेरीज करणारी घरात मीच.

साक्षगंधाच्या सकाळी बहीण माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. नवी साडी, हातात पेढ्यांचा डबा.

"ताई, चमचे कुठं ठेवते तू?"

"तू बस. मी पाहते सगळं."

"मी का पाहुणी आहो?"

"बस म्हणते ना. थकली असशील प्रवासाने."

ती बसली. मला किती बरं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते. थोड्या वेळाने ती पुन्हा उठली, तबकातले हार सरळ करायला. मी नंतर जाऊन ते पुन्हा माझ्यासारखे केले.

वंदना सुरू झाली. मेणबत्ती लावायचा मान आजींचा होता. तो त्यांच्या मुलाने घेतला आणि आजींना फोनवर व्हिडिओ कॉल लावला. फोन फुलदाणीला टेकवून उभा केला. आजींना त्रिशरण-पंचशील तोंडपाठ. जुन्या काळी वस्तीतल्या बायकांना त्यांनीच शिकवलेलं. पण अकोल्याहून आवाज उशिरा यायचा. आम्ही ओळ संपवायचो आणि गच्चीवर शांतता व्हायची, तेव्हा त्यांची तीच ओळ फोनमधून यायची. एकटी. वरूडचे दोन पोट्टे हसू लागले. त्यांच्या बापाने डोळे वटारले. शेवटची ओळ आम्ही संपवली, लोक बसायला लागले आणि आजी अजून म्हणतच होत्या. बहिणीने फोन हातात घेतला आणि त्या संपवेपर्यंत उभी राहिली.

मग मुलाची आई साडी, साखर आणि नारळाचं तबक घेऊन पुढे आली. तिने बहिणीला आधी एकदाच पाहिलं होतं, तेही घाईत. मी रेशमी साडीत, घरची मालकीण, सगळ्यांना इकडे बसा तिकडे बसा करणारी. ती सरळ माझ्याकडे आली.

"घ्या ताई, आता पोरगी आमची."

मी तबक घेतलं.

"मी मावशी," एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. तबक जड होतं आणि मी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. बहीण शेजारीच होती. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिचे हात अर्धवट पुढे आलेले होते.

मुलगी पाटावरून उठली. तिने माझ्या हातातून तबक काढून घेतलं, ओढून नाही, नीट, आणि आईच्या हातात दिलं. "हे आई आहे माझी," ती सासूला म्हणाली आणि हसली. मुलाच्या आईने जीभ चावली. "अवो बाई! मले वाटलं ह्याच!" सगळे हसले. पाहुण्यांत ती गंमत म्हणून दिवसभर फिरली. जेवण उत्तम झालं. आचाऱ्याच्या वांग्याच्या भाजीचं वरूडवाल्यांनी कौतुक केलं आणि मला एक घासही गेला नाही.

लग्नाची तारीख ठरली. लग्न अकोल्यालाच. एका दुपारी बहिणीचा फोन आला.

"ताई, हॉल तोच पाहू म्हणतो. तूच बोल नं त्या मॅनेजरशी. तुले जमते."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. टोमणा नाही, संशय नाही. तो असता, तर मी कदाचित गप्प बसले असते.

"त्याने तेव्हा अर्ध्या दिवसाचा भाव दिला होता," मी म्हटलं. "नऊ हजार, सजावटीसकट. साठ ताटंही कबूल केली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"विसरली?"

"नाही."

मागे कुकरची शिट्टी झाली.

"आईले मेणबत्ती लावाची होती, ताई."

"माहीत आहे."

"तुले पोरगी पाहिजे होती का?"

"एका दिवसापुरती."

"मागतली असती तं देली असती," ती म्हणाली. मग आवाज बदलला. "लग्नाचं मी पाहतो आता. तू राहू दे."

महिनाभराने तिने यादी मोबाइलवर पाठवली. तिच्या हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो. अक्षर वाकडं, खाडाखोड भरपूर, पण कलम एकही सुटलेलं नाही. मांडव, गाडी, जनरेटर, आजीसाठी हात असलेली खुर्ची. कामांच्या पानावर मी माझं नाव शोधलं. नव्हतं. शेवटच्या पानावर पाहुणे होते, गावाप्रमाणे. वरूडचे, नागपूरचे. त्यांच्याखाली: अमरावतीची ताई व भाऊजी, दोन, मुक्कामी, एक गादी जास्त.

ही पोरगी माझी, हे तबक छातीशी धरताना वाटलं होतं, तेच पुन्हा वाटलं. गेलेलं नाही ते. तिने कोणाला काही सांगितलेलं नाही, हे मला आजींच्या फोनवरून कळलं. त्या म्हणत होत्या, लवकर ये, बैठकीत तुझी गादी माझ्याजवळ टाकायला सांगितली आहे.

मी पाहुण्यांच्या पानाची बेरीज दोनदा करून पाहिली. आम्हा दोघांसकट. बरोबर होती. तसं तिला कळवलं.