पास नाय

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये होते. शिफ्ट बदलताना सगळे लॅबच्या दारात जमायचे आणि मी बॅचचे निकाल मोठ्याने वाचायचे, ही तिथली पद्धत. मी वाचलं की कल्याणहून येणारा प्रॉडक्शनचा सुपरवायझर माझ्याच हेलात ते पुन्हा म्हणायचा. "पास नाय गो!" मग हशा. एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "तू करवंदं विकायला बस, तिथं हा आवाज चालेल."

हुद्द्याने तो माझ्या बरोबरीचा. मी मात्र दबक्या आवाजात वाचू लागले, मग तोंडातल्या तोंडात. लॅब सोडून स्टोअरमध्ये बदली मागायचं मनात घोळू लागलं. माझं शिक्षण, माझं काम, आणि पळायचं मीच! संताप यायचा.

रविवारी बसून तक्रार लिहिली. माजोरडा, उर्मट, मानसिक छळ, जे सुचलं ते सगळं. एचआरच्या मॅडमनी ती वाचून परत माझ्यापुढे सरकवली.

"तो काय बोलला, ते यात कुठेच नाही."

"छळतो, लिहिलंय की!"

"कधी, कुठे, कोणासमोर, त्याचेच शब्द. तेवढंच लिहा."

"म्हणजे मी चिडायचंही नाही?"

"चिडा. पण चौकशीत मी त्याला तुमच्या चिडण्याबद्दल काय विचारणार?"

तेव्हा त्या बाईचाही राग आला. तरी पुन्हा लिहायला बसले. एकेक प्रसंग, त्याचे शब्द, हजर असलेल्यांची नावं. विशेषण एकही नाही. आणि ते कोरडं पान वाचताना अंगाची जी लाही झाली, ती पहिल्या तक्रारीने झाली नव्हती. इतकं सगळं मी उभ्याने ऐकून घेतलं होतं!

मॅडमनी त्याला बोलावलं, मग साक्षीदारांना एकेकट्याला. तो म्हणे, "गंमत होती, सगळे हसायचे." मला वाटलं, संपलं. हसायचे तर खरंच.

चौकशी चालू असताना एकदा एसटीच्या थांब्यावर पॅकिंगमधली बाई भेटली. सर्वांत मोठ्याने हसायची तीच.

"मॅडमला सांगितलं मी, हसलो खरं. पण गंमत वाटली म्हणून नाय. नाय हसलं तर उद्या आमचीच पाळी."

तिच्यावरही चिडावं की तिचे हात धरावेत, कळेना.

त्याला लेखी ताकीद मिळाली. निकाल वाचताना मध्ये कुणी बोलायचं नाही, असं ठरलं. पुन्हा काही झालं तर लगेच कळवा, असं मॅडमनी मला बजावलं.

त्यानंतरच्या पहिल्याच वाचनाला त्याच्या शिफ्टची बॅच बिघडलेली निघाली. दार भरलं होतं. मी घसा साफ केला आणि माझ्या गावच्या हेलात, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हटलं, "पास नाय."

कुणी हसलं नाही. त्याने मान खाली घालून ते लिहून घेतलं.