तीन प्रश्न

वीस वर्षं न्यायालयात लघुलेखिका म्हणून काढलेल्या बाईला सगळे स्टेनोताई म्हणत. न्यायाधीश म्हणत, वकील म्हणत, खाली चहा विकणाराही म्हणे. साक्षीदाराच्या तोंडून शब्द निघाला की तो तिच्या वहीत पडलेला असायचा. एकदा एका साक्षीदाराने उत्तर देण्याआधी खोकला काढला, तर तिने तोही कंसात टिपला होता.

घरी मुलगी चिडवायची. "आईला पाव आणायला पाठवा, ती गोष्ट कुलपापासून सुरू करेल. आधी कुलूप लावलं, मग किल्ली पर्समध्ये टाकली, मग जिना उतरले…"

"मग काय उडी मारून गेले म्हणू?" स्टेनोताई म्हणायची.

चाळिशी ओलांडल्यावर तिने संध्याकाळच्या वर्गात कायद्याला नाव घातलं. लेखी विषय एका दमात सुटले. अडलं ते साक्षतपासणीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत. दोनदा नापास, दोन्ही वेळा फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारताना. समोरच्याने उलटतपासात साक्षीदाराच्या चिंध्या केल्या की ती उभी राहायची आणि एकूण एक भोक शिवायला बसायची. मागच्या खेपेला तिने अकरा प्रश्न विचारले. त्यातले चार सूचक, म्हणजे उत्तर प्रश्नातच घालून दिलेले. तीन सरतपासात, म्हणजे तिच्याच पहिल्या फेरीत, आधीच येऊन गेलेले. राहिलेल्यांतल्या एकाने तर साक्षीदार आणखीच गाळात गेला.

ही तिसरी खेप, नियमाप्रमाणे शेवटची. आज पास झाली तर सनद मिळणार. नाहीतर लघुलेखिकेची खुर्ची आहेच, निवृत्तीपर्यंत.

परीक्षा कॉलेजच्या मोठ्या वर्गात होती. फळ्यासमोरच्या चौथऱ्यावर टेबल, त्यामागे निवृत्त न्यायाधीश. साक्षीदार म्हणून ग्रंथपाल. ते दरवर्षी हौसेने साक्षीदार व्हायचे. दिलेला कागद तोंडपाठ करायचे, आणि त्यात नाही ते मेलं तरी बोलायचे नाहीत. आज ते शिंपी होते. त्यांच्या दुकानासमोर एका स्कूटरवाल्याने रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याला उडवलं होतं. स्टेनोताई सरकारी वकील. स्कूटरवाल्याच्या बाजूने वर्गातला सगळ्यात तल्लख पोरगा. त्याला सगळे तोफ म्हणत.

सरतपास सरळ गेला. आपण शिलाई मशीनवर बसलो होतो, धडक डोळ्यांनी पाहिली, म्हातारा पांढऱ्या पट्ट्यांवरच होता, असं शिंप्याने सांगितलं.

तोफ उठली.

"पोलिसांना दिलेल्या जबाबात तुम्ही म्हटलंय, 'मोठा आवाज झाला म्हणून मी मान वर केली.' बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे आवाज झाला तेव्हा मान खाली होती?"

"होती."

"नजर कपड्यावर?"

"शिवताना दुसरीकडे कुठे असणार?"

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. तोफेने हसू दाबलं. "हा जबाब अपघातानंतर चार दिवसांनी दिलात?"

"हो."

"जखमी गृहस्थांचा मुलगा तुमच्याकडेच कपडे शिवून घेतो?"

"हो."

"मला आणखी काही विचारायचं नाही." तो बसला. बसतानाच त्याने शेजारच्याकडे भुवई उडवली.

साक्षीदार आडवा झाला होता. आवाज म्हणजे धडक, असं वर्गात प्रत्येकाला वाटलं. शिंप्याने मान वर केली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं.

"फेरतपास?" न्यायाधीशांनी विचारलं.

"एक मिनिट, साहेब."

स्टेनोताईच्या वहीत उलटतपास शब्दन् शब्द होता. वर्गात दुसऱ्या कुणाच्या कागदावर चार तुटक शब्दांपलीकडे काही नसायचं. तिने लाल पेन्सिल काढली. हात सवयीने पहिल्या प्रश्नावर गेला, मग दुसऱ्यावर, मग चार दिवसांवर. चार दिवस फार खुपत होते. उशीर का केलात, असं विचारावंसं अगदी राहून राहून वाटत होतं.

मग तिला साक्षीदाराचा कागद आठवला. तिसऱ्या पानावर उत्तर लिहिलेलं होतं. म्हाताऱ्याचा मुलगा दुकानात आला, त्याने विनंती केली, म्हणून शिंपी पोलिसांकडे गेला. प्रश्न विचारला असता, तर ग्रंथपालांनी हे खड्या आवाजात सांगितलं असतं, आणि समोरच्याने न मागितलेलं ताट तिने स्वतःच वाढून दिलं असतं.

तिने चार दिवसांवर लाल रेघ मारली. गिऱ्हाइकावर मारली. वीस वर्षांत तिने कुणाचं वाक्य कधी गाळलं नव्हतं.

"बाई?" न्यायाधीश म्हणाले.

ती उठली.

"उलटतपासात तुमच्या जबाबातलं एक वाक्य वाचलं गेलं. मोठा आवाज झाला म्हणून तुम्ही मान वर केलीत. तो धडकेच्या आधीचा…" ती थांबली. जीभ सरळ सूचक प्रश्नाकडे चालली होती. तोफ हरकत घ्यायला अर्धी उठलेली दिसली. "प्रश्न मागे घेते, साहेब. नीट विचारते. तो आवाज कशाचा होता?"

"ब्रेकचा. टायर रस्त्यावर घासल्याचा."

तोफ हळूच खाली बसली.

"मान वर केल्यावर काय दिसलं?"

"म्हातारे पट्ट्यांवर, अर्ध्या रस्त्यात. स्कूटर घसरत त्यांच्याकडे येत होती. मग धडक बसली."

"हरकत आहे!" तोफ म्हणाली. "साक्षीदार आता गोष्ट रचतोय. जबाबात फक्त आवाज आहे."

"साहेब," स्टेनोताई म्हणाली, "माझ्या विद्वान मित्राने जबाबातलं एकच वाक्य वाचलं. त्याचा खुलासा होण्यापुरतं त्याच्या लगतचं वाक्य वाचू द्यावं."

"वाचा."

तिने जबाबाचा कागद ग्रंथपालांच्या हाती दिला. "पुढचं वाक्य काय आहे?"

ग्रंथपालांनी चष्मा सावरला. "'तेवढ्यात स्कूटरने पट्ट्यांवरच्या माणसाला उडवले.'"

तोफेने आपली प्रत मिटली आणि ओठ चावला.

स्टेनोताई उभी होती. न्यायाधीश पाहत होते. आणखी एक प्रश्न जिभेवर आलेला होता. तिने तो गिळला.

"झालं, साहेब." ती बसली.

न्यायाधीशांनी टाचण संपवलं. मग पेन ठेवलं.

"मागच्या वर्षी मीच होतो. अकरा प्रश्न विचारले होते तुम्ही."

"हो साहेब. अकरा."

"आज तीन. चार दिवसांच्या उशिराचं का नाही विचारलंत?"

"उत्तर माझ्या साक्षीदाराच्या विरुद्ध जात होतं."

"आणि गिऱ्हाईक?"

"गावातला शिंपी म्हटल्यावर गिऱ्हाइकं असणारच, साहेब. धडक दिसली की नाही, एवढ्यावर खटला होता. तेच दुरुस्त केलं."

न्यायाधीश हसले नाहीत. गुणपत्रिकेवर आकडा लिहिला, सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. पास होती. नुसती पास नाही, वर्गात पहिली.

तोफ दाराशी आली. "ताई, ते पुढचं वाक्य मी मुद्दाम टाळलं होतं. वाटलं, तुमच्या लक्षात येणार नाही."

"अरे बाळा," ती म्हणाली, "वीस वर्षं मी दुसरं काय केलंय? वाक्य कुठे संपतं, तेच तर लिहीत आले."

घरी मुलगी दारातच उभी होती. "काय झालं?"

"पास."

"आणि?"

"तीन प्रश्न विचारले."

मुलगी वाट पाहत राहिली. आईचा चेहरा बघून तिला धीर धरवेना. "एवढंच? आई, अगं बोल की! सगळं सांग!"

स्टेनोताईने चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसली.

"सांगते," ती म्हणाली. "सकाळी आधी कुलूप लावलं…"