आप्पांना जागेवर बसवणारं गाणं

शिक्रापूरच्या चौकातून आत वळलं की टायरवाल्याच्या माडीवर धनश्रीचं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. खाली टायर, वर भावना. बारसं, साखरपुडा, सेवानिवृत्ती, वर्षश्राद्ध, काहीही घेऊन या, ती ते चार मिनिटांत बसवून देते. पाचव्या मिनिटाला पाहुणे पंगतीकडे बघायला लागतात, हा तिचा दहा वर्षांचा अनुभव. लोक फोटो घेऊन येतात आणि "गाणं काय, कुठलं बी टाका" म्हणतात. धनश्री उलटं करते. आधी गाणं ठरवते, मग फोटोंना हात लावते.

"फोटो डोळ्यांनी बघत्यात," ती म्हणते, "पन रडणं आन् हसणं कानानं सुरू हुतं."

राहू गावचा इंद्रजीत तिच्याकडे आला तो दोनशे बारा फोटो आणि एक ठाम गाणं घेऊन. तो कंपनीत सुपरवायझर, त्यामुळे बोलणंही शिफ्ट लावल्यासारखं. आई मुक्ताबाई आणि वडील हौसराव ऊर्फ आप्पा यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. सगळी भावकी अंगणात बसणार, मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ लागणार, त्यात इंद्रजीत दोघांचे आभार मानणार.

"पन ताई, एक अडचन हाय. आप्पा बसत न्हाईत."

"पाठ दुखती का त्यांची?"

"तसं न्हवं. कुनी चांगलं बोलाया लागलं की उठत्यात. सोसायटीनं सत्कार ठेवला, नाव पुकारलं, तर हे गोठ्यात. माझा पहिला पगार हातात दिला, म्हनलं आप्पा, तुमच्यामुळं झालं. तर म्हनले, म्हशीला वैरन टाकली का? चाळीस वर्षांत एक थँक्यू त्यांच्या कानात शिरलेलं न्हाई. औंदा शिरलं पायजे."

मग त्यानं मोबाइलवर गाणं लावलं. बापाच्या घामाचं, बापाच्या चपलेचं, फार सुंदर गाणं. धनश्रीनं पहिल्याच ओळीला ओळखलं आणि कपाळाला हात लावला.

"दादा, हे गाणं ह्याच वर्षी तीन दशक्रियांना लावलंय मी."

"पन त्यात बापाचे आभार हाईत की!"

"हाईत. पन शेवटच्या कडव्यात बाप न्हाई. अर्धी भावकी वळून बघंल, आप्पा बसलेत का म्हनून."

इंद्रजीतचा चेहरा पडला. धनश्रीनं त्याला समोर बसवलं आणि गाण्यामागून गाणं ऐकवलं. प्रत्येकाला तिचे तीन प्रश्न ठरलेले: कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि शेवटपर्यंत सगळे जिवंत आहेत का. आईची गाणी ढीगभर निघाली, पण त्यातल्या निम्म्या आया तिसऱ्या कडव्यात आजारी पडत होत्या. एक मुलगी सासरी निघाल्याचं होतं, ते इंद्रजीतच्या तोंडी शोभलं नसतं. एक फक्त बापाचं होतं, मग मुक्ताबाईंनी काय घोडं मारलं होतं? एक हिंदी गाणं तिन्ही प्रश्नांत पास झालं, पण सुरुवातीलाच इतकं थोर कौतुक की आप्पा दुसऱ्या ओळीला गोठ्यात पोचले असते.

"आप्पा सोता काय ऐकत्यात?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. बातम्या."

धनश्रीला हे पटलं नाही. गाणं नसलेला माणूस तिनं अजून पाहिला नव्हता. दोन दिवसांनी, इंद्रजीत ड्यूटीवर असताना, ती जुने अल्बम नेण्याच्या निमित्तानं राहूला गेली. आप्पा उसाला पाणी द्यायला गेले होते. मुक्ताबाई भाकरी थापत होत्या. गाण्याचं विचारल्याबरोबर त्यांनी पिठाचेच हात जोडले.

"त्या गान्याचं नाव काढू नगं, पोरी! ह्यांच्या ट्रॅक्टरच्या टेपात कॅसेट अडाकली हुती. अकरा वर्सं! निघंना बी आन् तुटंना बी. 'वांग्याच्या वाफ्यात सांडलं पानी, कसं गं करावं कारभारनी.' सगळ्या शिवाराला पाठ. शाळेतली पोरं मला कारभारीन म्हनायची."

"मग बंद का न्हाई केलं?"

मुक्ताबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, कडेनं पाण्याचा हात फिरवला.

"म्याच बंद करू दिलं न्हाई. कॅनॉलच्या वळनाला गानं आलं की मी तवा ठेवायची. गरम भाकर पानात पडायची त्यांच्या. रात-अपरात पान्याची पाळी असली तर नुस्तं ऐकत पडायची. गानं चालू म्हंजी मानूस ठीक."

धनश्रीनं अल्बम काखेत मारले. तिचं काम झालं होतं.

गाणं कॅसेट कंपनीच्या कॅटलॉगात नव्हतं, नेटवरही नव्हतं. शेवटी न्हावरे गावच्या गेणबा मंडपवाल्याच्या जुन्या पेटीत दुसरी कॅसेट मिळाली. धनश्रीनं ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, खरखर निम्मी काढली आणि निम्मी मुद्दाम ठेवली. अगदी स्वच्छ केलं तेव्हा ते कुठल्यातरी परक्या ट्रॅक्टरचं वाटत होतं.

इंद्रजीतनं ऐकलं आणि तो उभाच राहिला.

"ताई, ह्यात आभार कुठं हाईत? ह्यात वांगी हाईत!"

"आभार तुम्ही मानायचे. गान्यानं फक्त त्यांना बसवायचं."

मग तिनं मांडणी सांगितली. सुरुवातीला नुसती बासरी आणि लग्नाचा फोटो. मग हलगीच्या ठेक्यावर ट्रॅक्टर, मळा, म्हशी, नातवंडं. प्रत्येक फोटो ठेक्यावरच बदलणार. दुसऱ्या कडव्यानंतर गायक थांबतो आणि नुसती वाद्यं वाजतात, तिथं आवाज एकदम खाली आणून इंद्रजीतचं बोलणं. शब्दांवर शब्द घातले तर दोन्ही मरतात. शेवटी पुन्हा हलगी, म्हणजे लोक हसत उठतील.

बोलणं रेकॉर्ड करायला इंद्रजीतनं सहा वेळा "परमपूज्य वडील" असं सुरू केलं. सहाही वेळा धनश्रीनं पुसलं.

"परमपूज्य बॅनरवर. इथं एक घडलेली गोष्ट सांगा."

सातव्या वेळी तो परमपूज्य सोडून बोलला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी धनश्री स्वतः राहूला गेली. अंगण भरलेलं. आप्पा सगळ्यात कडेच्या खुर्चीवर, एक पाय गोठ्याच्या दिशेनं. बासरी सुरू झाली तशी त्यांनी टोपी सारखी केली आणि उठायला गुडघ्यावर हात टेकले. इंद्रजीतनं डोळे मिटले.

तेवढ्यात हलगी कडाडली आणि वांग्याच्या वाफ्यात पाणी सांडलं.

अंगणात हशा फुटला. म्हाताऱ्या टाळ्या पिटायला लागल्या. आप्पा अर्धे उठलेले तसेच खाली बसले, पण गप्प बसले नाहीत. "ह्यो खालचा मळा! ह्यो बैल मारका हुता! आगं, ही टाकी फुटलीया बघ!" वाद्यं आली, इंद्रजीतचा आवाज आला, पण आप्पांच्या मारक्या बैलापुढं तो कुणालाच ऐकू गेला नाही. व्हिडिओ संपला. इंद्रजीतनं धनश्रीकडे असं पाहिलं, जणू तिनंच बैल सोडला होता.

"परत लाव," आप्पा म्हणाले.

धनश्रीनं लगेच लावला. आता बैलाचं सांगून झालं होतं. दुसरं कडवं संपलं, वाद्यं खाली गेली आणि अंगणात इंद्रजीतचा आवाज पसरला.

"आप्पा, दहावीच्या पेपराला तुम्ही मला रोज ट्रॅक्टरवर सोडायचा. ह्या गान्याची लाज वाटायची म्हनून मी पयल्या दिवशी शाळंच्या अलीकडंच उतरलो. तुम्ही काय बोलला न्हाईत. दुसऱ्या दिवसापासनं सोताच तिथं थांबवायला लागलात. आन् आई, घरी आलो की ताट वाढलेलं असायचं. दोघांचं बी थँक्यू ऱ्हायलं हुतं."

हलगी पुन्हा सुरू झाली, पण कुणी टाळी वाजवली नाही. सगळे कडेच्या खुर्चीकडे बघत होते. आप्पांनी घसा खाकरला.

"तुझ्यासाठी कशाला थांबवीन? फुडं चढ हुता. ट्रॅक्टर दम खायाचा."

"चढ?" मुक्ताबाई ओरडल्या. "आपल्या राहूत? तळहातावानी गाव हे!"

अंगण हसून लोटपोट झालं. पंगतीची हाक आली, माणसं उठायला लागली. आप्पा मात्र जागेवरच होते. टोपीच्या टोकानं डोळे पुसत ते शेजारच्याला त्या चढाची लांबी-रुंदी समजावून सांगत होते.