वर्तणुकीचा रकाना

लढाईच्या काळात साताऱ्याच्या भरतीत मी छाती आणि वजन या दोन्हींत नापास झालो. कागद भरणारा कारकून माझ्याच गावचा, जिवलग दोस्त. लहानपणी मला खोकला होता, हे ओळीत उभं असताना मी फक्त त्याच्या कानात सांगितलं होतं. डॉक्टर त्याला माझ्यासमोरच म्हणाले, "ज्यात नापास, त्याच्यासमोर थोडक्यात कारण. दुसऱ्या रकान्यात एक अक्षर नको."

सहा महिने जोर-बैठका मारून, दूध पिऊन मी सांगलीच्या भरतीला गेलो. छाती भरली, वजन भरलं. साहेबांनी साताऱ्याचा जुना कागद माझ्यापुढे सरकवला. छातीसमोर 'दीड इंच कमी', वजनासमोर 'सहा रतल कमी'. दोन्ही खरं. पण खाली वर्तणुकीसमोर लिहिलं होतं, 'खोकला लपवतो.'

"लपवाछपवी करणारा माणूस पलटणीत नको," साहेब म्हणाले.

गावी येऊन मी दोस्ताची गचांडी धरली. तो मान खाली घालून म्हणाला, "छातीपुढं जागा न्हवती रं गड्या, म्हनून खाली लिवलं."

कागद मी या डोळ्यांनी पाहिला होता. छातीपुढं तीन शब्द होते आणि बाकीची सगळी ओळ कोरी होती.