पत्रिकेतल्या दोन ओळी

भावोजींचा मेसेज आला तेव्हा मी पेणच्या बाजारात वालाच्या शेंगा निवडत होते. 'वहिनी, पत्रिका संध्याकाळी छापायला जातेय. तुमचा परिचय मोठा झालाय. एका ओळीत द्या. "ज्येष्ठ लेखिका, पेण" एवढं पुरे.'

भावोजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. रोह्याला त्यांच्या वाचनालयाचं संमेलन दरवर्षी तेच भरवतात. यंदा पाच पाहुणे, प्रत्येकाचा फोटो, खाली नाव आणि एक ओळ. त्यांचंही चुकत नव्हतं. पण माझा जीव अडकला होता तो मी पाठवलेल्या परिचयातल्या चौथ्या वाक्यात. मिठागरातल्या बायकांच्या गाण्यांचं माझं पुस्तक खरं तर माझं एकटीचं नाही. धरमतरकडच्या एका बाईंनी गाणी सांगितली, मी लिहून घेतली. मुखपृष्ठावर दोघींची नावं आहेत. पत्रिकेतही असतील, असं मी त्यांना शब्द देऊन बसले होते, आणि त्यांनी ते अख्ख्या आळीला सांगून टाकलं होतं.

घरी आले तर नवऱ्याला आधीच फोन येऊन गेलेला. "एका ओळीचं काय घेऊन बसलीस? जावई हाय तो घरचा. जावयाचा शब्द खाली पडलेला आपल्याकडे कधी पाह्यलायस?"

"आणि मी दिलेला शब्द?"

"त्या बाईला काय वाचता येतंय?"

असा संताप आला ना! पण जावयाला नाही म्हणायचं नसतं, हे मलाही लग्न झाल्यापासून पाठ. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेंगा तशाच पिशवीत ठेवून मी फोन घेऊन बसले. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी हे गेलं:

'आदरणीय भावोजी, आमंत्रणाबद्दल मनापासून आभार. पत्रिकेत जागा कमी असते हे समजतं. तरी एका ओळीत परिचय देणं मला जमणार नाही, राग मानू नये. पुस्तक दोघींचं आहे, एक नाव घेऊन दुसरं गाळता येत नाही. त्याऐवजी असं करू या का? माझी नोकरी, शिक्षण, पुरस्कार सगळं काढा. पुस्तकाचं नाव, गाणी सांगणारीचं नाव आणि लिहून घेणारीचं नाव, एवढ्या दोनच ओळी ठेवा. बाकीचा परिचय निवेदकाला वाचायला देईन. जागा कमी पडली तर माझा फोटो काढलात तरी चालेल. पण ते नाव राहू द्या.'

निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. नवरा तोंड फिरवून टीव्ही बघत बसला. मग नणंदेचा फोन.

"वहिनी, कायतरी मिटव गो. हे नुसते फणफणतायत. प्रेसवाला थांबलाय." मग जरा लाजून म्हणाली, "माझंपण नाव हाय यंदा पत्रिकेत. स्वागतगीत मी म्हणणार हाय. पहिल्यांदाच."

"अगं, मग आधी सांगायचंस की!" मी म्हटलं. खरंच आनंद झाला. पण मेसेज काही मागे घेतला नाही. कुठल्या तोंडाने घेणार होते?

सकाळी पत्रिकेचा फोटो आला. खाली, 'वहिनी, तुमच्या म्हणण्याप्रमाणे. छपाई झाली.' माझा फोटो होता, दोन ओळी होत्या, दोन्ही नावं होती. मी लगेच धरमतरला फोन लावला. "माजा नाव हाय ना?" बाई ओरडूनच विचारत होत्या. "थांब, नातीला दाखवते, वाच म्हणते मोठ्यानं." मी पत्रिका पाठवली आणि जग जिंकल्यासारखी चहा करायला उठले.

चहा उतू जाईपर्यंत पत्रिका पुन्हा बघत राहिले, तेव्हा लक्षात आलं. दीपप्रज्वलन होतं, प्रास्ताविक होतं, आभार होते. मधे नुसतं 'स्वागतगीत'. पुढे कुणाचंच नाव नाही.

नणंदेला फोन केला. ती हसली. "व्हय गो. तुझी एक ओळ वाढली, तर एक कुठून तरी काढायला लागली. हे म्हणाले, घरच्या माणसाचं नाव काय छापायचं?"

"मी आत्ता बोलते भावोजींशी. दुसरी छापायला लावते."

"नको हां वहिनी. पत्रिका वाटायला पण गेल्या. पुन्हा विषय काढलास तर घरात मलाच ऐकायला लागेल."

मी उतू गेलेला चहा पुसायला घेतला.

"ते सोड," ती म्हणाली. "दुसरं कडवं नीट बसत नाय. ऐकतेस?" आणि तिने गायला सुरुवात केली. मला फोन ठेवता येईना.