एकाच निबंधात म्हैस आणि लिफ्ट

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात दोनच माणसं उरली. हे वीज खात्यातून निवृत्त झालेले, मी बालवाडी बंद करून मोकळी झालेली. दुपारच्या चहाला एकमेकांकडं बघून बघून तरी किती बघणार? शेवटी आम्ही दोघांनी मराठीत एम.ए.ला नाव घातलं. दर रविवारी अभ्यासकेंद्रावर वर्ग भरायचा. शिकवायला आमच्या मुलीच्या वयाच्या मॅडम होत्या. ह्यांना त्या पहिल्या दिवशी ‘काका’ म्हणाल्या, दुसऱ्या रविवारी ‘विद्यार्थी’ म्हणाल्या, आणि तिसऱ्या रविवारपासून ‘कृपया थांबा’ म्हणायला लागल्या.

तौलनिक साहित्याच्या पेपरला मॅडमनी दोन कथा वाचायला दिल्या. पहिली म्हशीची. एक माणूस म्हैस विकायला बाजाराला निघतो. ती ऐन चौकात बसते आणि काही केल्या उठत नाही. गाव गोळा होतं, जो तो उपाय सांगतो आणि संध्याकाळी म्हैस आपली आपण उठून घराकडं चालायला लागते. दुसरी लिफ्टची. एका सोसायटीतल्या दोन शेजारणी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. त्या लिफ्टमध्ये अडकतात, बोलायला लागतात, लिफ्ट आपोआप सुरू होते, तळमजला येतो आणि दोघी पुन्हा मुक्यानं दोन दिशांना निघून जातात.

“या दोन कथांची तुलना करा,” मॅडम म्हणाल्या. “निबंध एकच लिहायचा. दोन नाहीत.”

ह्यांचा जन्म बिडकीनजवळच्या खेड्यातला, तेव्हा म्हैस ह्यांची झाली. मी लग्नाआधी पाचव्या मजल्यावर राहिलेली, तेव्हा लिफ्ट माझी. हे असं वाटून घ्या म्हणून आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तपासलेले निबंध हातात आले. ह्यांच्या निबंधात पानंच्या पानं म्हैस होती. तिची जात, शिंगांचा बाक, कडबा, पेंड, आणि ह्यांच्या लहानपणीची एक म्हैस, जिचा कथेशी काडीचाही संबंध नव्हता. अगदी शेवटी एक ओळ होती : ‘त्याचप्रमाणे लिफ्टची कथाही चांगली आहे.’ मॅडमनी समासात लिहिलं होतं, ‘म्हशीनं लिफ्ट खाल्ली.’

“एवढं हसायला काय झालं?” हे म्हणाले. “तुझं दाखव बरं.”

माझ्या निबंधात समतोल होता. मी दोन्ही कथांमधली साम्यं शोधून काढली होती. दोन्ही कथा मंगळवारी घडतात. दोन्हींत एकाच्या हातात पिशवी आहे. दोन्हींत कुणीतरी शिंकतं. मॅडमनी प्रत्येक मुद्द्यापुढं एकच शब्द लिहिला होता : ‘मग?’ पानभर नुसतं मग, मग, मग.

“आता म्हशीला हसशील का?” हे म्हणाले.

आमच्या बाकाच्या पुढच्या बाकावर एक बाई बसायच्या. त्या उर्दू शाळेत शिकवायच्या, सगळा वर्ग त्यांना आपा म्हणायचा. त्यांना वाटलं होतं, आपला निबंध तरी बिनचूक आहे. त्यांनी एक वाक्य म्हशीचं, एक लिफ्टचं, पुन्हा एक म्हशीचं, असं अगदी मोजूनमापून लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, “आपा, वाचताना माझी मान इकडून तिकडं फिरून दुखायला लागली. समतोल म्हणजे वाक्याला वाक्य देणं नव्हे. दोघींना सारखा न्याय हवा, सारखा श्वास हवा.”

मग त्यांनी फळ्याकडं न वळता साध्या शब्दांत समजावलं. आधी असा एक प्रश्न शोधायचा जो दोन्ही कथांना विचारता येईल. प्रश्न असा हवा की दोन्ही कथा त्याला उत्तर देतील, पण एकच उत्तर देणार नाहीत. मंगळवार दोन्हीकडं आहे खरा, पण मंगळवारचा बुधवार केला तर कथेचं काय बिघडतं? काहीच नाही. तर तो तुलनेचा आधार नाही. “जे काढून घेतलं की दोन्ही कथा कोसळतील, ते शोधा,” त्या म्हणाल्या. “आणि शेवटी असं काहीतरी हाती लागू द्या, जे एकच कथा वाचून लागलं नसतं.”

घरी आल्यावर आमचं सुरू झालं. मी म्हटलं, आधार म्हणजे ‘बाई’. दोन शेजारणी आहेत आणि म्हैसही बाईच. ह्यांनी कपाळावर हात मारला. हे म्हणाले, आधार म्हणजे ‘वाहतूक’. मी म्हटलं, “म्हैस वाहन आहे का?” “चौकात बसली की रस्ता तुंबतो. म्हणजे वाहतूकच ना?” त्यावरून शब्दाला शब्द वाढत गेला. मी म्हटलं, तुम्हाला लिफ्ट कळतच नाही. हे म्हणाले, तुला म्हैस कधीच कळली नाय, लग्न झाल्यापासून नाय. असं ते भांडण म्हशीवरून माझ्यावर कधी आलं, ते आम्हा दोघांनाही समजलं नाही. त्यानंतर अबोला.

नेमकं दुसऱ्या दिवशी ह्यांच्या बहिणीकडं बिडकीनला जेवायला जायचं होतं. स्कूटरवर मी मागं बसले, दोघांच्या मधे डब्याची पिशवी. पैठण रोडला लागून बरंच पुढं आल्यावर स्कूटर दोनदा खोकली आणि थांबली.

ह्यांनी किक मारली. पुन्हा मारली. मी काही बोलले नाही, कारण आमचा अबोला होता. एवढ्यात उसाच्या रसाच्या गाड्यावरून एक जण आला. “प्लग काढा, साहेब.” दुसरा मोटारसायकल थांबवून म्हणाला, “प्लग नाय, कार्बोरेटर.” एक पांढऱ्या टोपीचे आजोबा म्हणाले, “अरे, तिला जरा आडवी करा. आडवी केली की येतीय ती.” चार जणांनी स्कूटर आडवी केली. ती आली नाही. मग उभी केली, ढकलली, तिच्या तोंडात फुंकलं. तोंड नेमकं कुठलं, यावर दोघांचं वाजलं. टेम्पोतून एक जण ओरडून गेला, “अहो, विकून टाका!”

आणि आमचे हे! जो माणूस लग्नाच्या पंगतीत अनोळखी पाहुण्याला ट्रान्सफॉर्मर समजावून सांगतो, तो एक शब्द बोलत नव्हता. रुमाल हातात घेऊन स्वतःच्याच स्कूटरपासून चार पावलं लांब, पाहुण्यासारखे उभे होते. सगळे बोलत होते. ज्याची स्कूटर, तोच गप्प.

हळूहळू उपाय संपले तशी माणसंही पांगली. आम्ही दोघं लिंबाखाली रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. जायला जागा नाही, बघायला दुसरं कुणी नाही. शेवटी मीच म्हटलं, “डबा उघडू का?”

“उघड,” हे म्हणाले. एक धपाटं संपल्यावर म्हणाले, “काल जरा जास्तच बोललो मी.”

“मीही बोलले.”

“म्हैस तुला कळते. तसं काय नाय.”

दुसरं धपाटं तोंडाकडं नेता नेता त्यांचा हात थांबला. डोळे मोठे झाले. मला वाटलं, ठसका लागला.

“अगं! म्हैस!”

“कुठं?”

“मी! म्हणजे मी नाय, तो माणूस! म्हैस बसल्यावर अख्खा गाव बोलतो आणि मालक गप व्हतो. आत्ता झालं तसंच!”

मी धपाटं खाली ठेवलं. कारण मलाही दिसलं. “आणि आपण दोघं इथं अडकल्यावर बोलायला लागलो. ती लिफ्ट!”

“चालतं ते थांबलं की माणसाच्या बोलण्याचं काय व्हतं?” हे उभे राहून जवळजवळ ओरडले. रसाच्या गाड्यावरचा माणूस पुन्हा धावत आला. त्याला वाटलं, स्कूटर सुरू झाली. ह्यांनी त्याचा दंड धरून त्याला दोन्ही कथा सांगितल्या. तो बिचारा शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, “ते ठीक आहे साहेब, पण पेट्रोल बघितलं का?”

मी टाकीचं झाकण उघडलं. आत ठणठणाट. एवढ्या सगळ्या तज्ज्ञांत ते एकालाही सुचलं नव्हतं, आम्हाला तर मुळीच नाही. त्यानंच कुठूनतरी बाटलीभर पेट्रोल आणून दिलं. बहिणीकडं पोचलो तेव्हा आमटी तिसऱ्यांदा गरम होत होती आणि आमचं पोट धपाट्यांनी भरलं होतं. ती चिडली. हे म्हणाले, “ताई, रागवू नको, आधार सापडला!” तिला वाटलं, आधार कार्ड हरवलं होतं.

त्या आठवड्यात आम्ही जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून लिहिलं. प्रश्न एकच : थांबणं बोलण्याचं काय करतं? त्याखाली तीन गोष्टी तपासायच्या ठरल्या. थांबल्यावर भोवती कोण असतं, कोण बोलतं आणि कोण गप्प होतं, आणि पुन्हा चालू झाल्यावर त्या बोलण्यातलं काय उरतं. प्रत्येक गोष्टीत म्हैसही घ्यायची आणि लिफ्टही, पण वाक्याला वाक्य जोडून नाही. एकीचं नीट म्हणणं झालं की दुसरीकडं वळायचं. हे मधूनच कडब्याकडं वळले की मी टेबलावर चमचा वाजवायची. मी लिफ्टमधल्या आरशाचं वर्णन लांबवलं की हे वाजवायचे. एकदा दोघांनी एकदमच वाजवला, तेव्हा वरच्या मजल्यावरून विचारणा झाली.

पुढच्या रविवारी मॅडमनी आम्हाला वर्गापुढं उभं केलं. हातात दोन निबंध. “प्रश्न एक, मुद्दे तेच. कुणी कुणाचं बघून लिहिलं?”

हे म्हणाले, “मॅडम, स्कूटर बंद पडली व्हती.”

“कृपया थांबा,” मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. मी म्हटलं, शेवट वाचा. त्यांनी वाचले. ह्यांनी लिहिलं होतं की उघड्या चौकातली गर्दी जास्त क्रूर, कारण ती ज्याचं दुःख आहे त्याचाच आवाज काढून घेते, आणि म्हैस उठल्यावर श्रेयही स्वतःकडं ठेवते. मी लिहिलं होतं की बंद लिफ्ट जास्त क्रूर, कारण ती आवाज देते आणि तळमजल्यावर परत घेते. चौकातल्या माणसाला निदान म्हैस तरी मिळाली. दोघांनीही दोन्ही कथांमधली वाक्यं पुराव्याला दिली होती.

मॅडमनी दोन्ही निबंध शेजारी शेजारी ठेवले. मग हसल्या. “आधार एक आणि निष्कर्ष दोन. हे बघून लिहिलेलं नाही. हे भांडून लिहिलेलं आहे.” दोघांनाही सारखे गुण मिळाले. ह्यांनी ते दोनदा ताडून बघितले.

“पण मॅडम, चूक कुणाची? माझी का हिची?” ह्यांनी विचारलं.

मॅडमनी तोंड उघडण्याआधीच आपा बाकावरूनच म्हणाल्या, “लिफ्टच जालिम आहे, भाईसाहेब. बोलून पुन्हा मुकं व्हायचं म्हणजे काय, तुम्हाला काय ठाऊक?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हशीची बाजू घेतली. मग वर्गाचे दोन तट पडले. मॅडमनी टेबल वाजवलं, पण तोपर्यंत हे म्हशीच्या वतीनं बोलायला लागले होते.

शिपाई दार लावायला आला तेव्हाही वाद चालूच होता. त्यानं जरा वेळ ऐकलं, दिवे घालवले आणि किल्ल्या खुळखुळवत दारात उभा राहिला. अंधारात आपांचा आवाज आला, “तळमजल्यावर आल्यावर एक तरी शब्द बोलायला हवा होता हो त्या बायांनी.”