पंचेचाळीसच्या वर तीन

आमच्या अक्काला किलर सुडोकूचं वेड मीच लावलं, असं भाचा म्हणतो. लावलं तर लावलं! निवृत्त गणिताच्या बाईने काय दिवसभर पापड लाटायचे? अक्का धुळ्यात एकटी राहते, मी जळगावात पिंप्राळ्याला. एकाच साप्ताहिकातलं एकच कोडं दोघी सोडवायचो आणि दुपारी फोनवर भांडायचो.

साध्या सुडोकूत काही आकडे आयते मिळतात, यात एकही नाही. तुटक रेघांचे पिंजरे असतात आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बारीक आकड्यात बेरीज. पिंजऱ्यात एक आकडा दोनदा चालत नाही. मी चाचपडत बसायची. अक्का मात्र म्हणायची, "दोन चौकोनांत सतरा म्हणजे आठ-नऊच. तीन चौकोनांत सात म्हणजे एक, दोन, चार. दुसरं काही होतच नाही गं, बघ करून." मी करून बघायची, आणि खरंच होत नसे. मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग या उन्हाळ्यात तिची कोडी चुकायला लागली. एकदा नाही, आठवड्यामागून आठवडा. मी काळजीने भाच्याला सांगितलं. तो पुण्याहून आला तो ठरवूनच आला होता: आईचं डोकं आता साथ देत नाही, घर बंद करायचं, तिला घेऊन जायचं. मीही धुळ्याला धावले.

अक्का म्हणाली, "कोडं घाल. सुटलं तर मी इथंच राहणार." भाचा तयार झाला. साप्ताहिकातलं कोडं त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मार्करने मोठ्ठं उतरवलं, सगळ्यांना एकदम दिसावं म्हणून. मला वाटतं, आई हरताना आपल्या डोळ्यांनी बघावी असंही त्याच्या मनात असेल. पोरगा वाईट नाही, पण हट्टी, अगदी आईवर गेलाय.

अक्काने कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. वरच्या डाव्या घरावर, म्हणजे नऊ चौकोनांच्या चौकटीवर, बोट ठेवलं आणि थांबली. पेन उघडलंसुद्धा नाही.

"हे सुटणार नाही," ती म्हणाली.

भाच्याने माझ्याकडे बघितलं. "बघितलंस मावशी?"

अक्का चिडली. चिडली की तिला आमची माहेरची बोली येते. "अरे, बठ्ठं गणित चुकेल शे! सगळं गणितच चुकलंय. ये इकडे." तिने त्याला खुर्चीत बसवलं, वर्गात मागच्या बाकावरच्याला पुढे आणतात तसं. "एक ते नऊची बेरीज किती?"

"पंचेचाळीस."

"कोणतीही आडवी ओळ, उभी ओळ किंवा घर घे, बेरीज पंचेचाळीसच. या घरात तीन पिंजरे आहेत, एकाचाही पाय बाहेर नाही. तीन चौकोनांत सात, दोनांत सतरा आणि चारांत चोवीस. कर बेरीज."

त्याने केली. अठ्ठेचाळीस.

"तीन जास्त. कुठले, ते मूळ कागदाशिवाय सांगता यायचं नाही. पण माझा संशय चोवीसवर आहे. सात आणि सतरा ठेवले तर उरतात तीन, पाच, सहा, सात. त्यांचे होतात एकवीस."

मी साप्ताहिक ओढलं. चष्मा नाकावर चढवून बघितलं. एकवीस! चोवीस भाच्याने उतरवलं होतं. मी टेबलावर हात आपटून ओरडले, "जिंकलीस गं बाई!"

"अजून नाही," अक्का म्हणाली. एकवीस करून ती खालच्या घरात उतरली. तिथले पिंजरे मिळून बावन्न होत होते आणि फक्त एकच चौकोन घराबाहेर डोकावत होता. "बावन्नातून पंचेचाळीस गेले, बाहेरच्यात सात." टक्कन सात लिहिला. चहा निवेपर्यंत निम्मं कोडं भरलं, एकदाही खोडलं नाही. माझी बहीण म्हणून सांगत नाही, पण असं डोकं मी दुसरं बघितलेलं नाही.

मग भाच्याने साप्ताहिक तिच्यापुढे धरलं. "यातला हा आकडा वाच."

तिने साप्ताहिक जवळ नेलं, लांब नेलं.

"आई, तुला दिसत नव्हतं? मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर त्याच दिवशी घेऊन गेला असतास."

सकाळी त्याने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. संध्याकाळी निघायच्या आधी कॅलेंडरचं आणखी एक पान फाडलं, मार्कर घेतला आणि पुढचं कोडं उतरवायला बसला. उतरवून झाल्यावरही उठेना, बोटावर काहीतरी मोजत होता.

"गाडी चुकेल तुझी," मी म्हटलं.

"थांब मावशी, सगळ्या पिंजऱ्यांची बेरीज करतोय. नऊ घरं, नऊ वेळा पंचेचाळीस." मग कागद आईपुढे सरकवला. "चारशे पाच आहेत. बरोबर उतरवलंय, आई. इथं बसून सोडव."